आठ हजार शटर काउंट म्हणजे नेमका किती?

ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला. बी.एस्सी. झालं, आता घरची केळी बघतो. पहिलाच कॅमेरा घ्यायचाय, 40,000 रुपये जमवलेत. डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न आहे, सारंगखेड्याची यात्रा आहे, आणि हिवाळ्यात हतनूरला पक्षी येतात तेही टिपायचेत. ऑनलाइन तीन पर्याय काढून ठेवलेत. पहिला, 60 पट झूमचा नवा कॅमेरा, 28,000 ला, त्यावर 1/2.3 इंच सेन्सर असं लिहिलंय. दुसरा, नवा कॅनन 1500डी, '18-55 III' लेन्स आणि सोबत 13 वस्तूंचा सेट, 39,500 ला. तिसरा, जुना निकॉन डी5600, 18-55 लेन्ससह, 26,000 ला. विकणारा जळगावचा आहे. म्हणतो, शटर काउंट फक्त 8 हजार. पुरावा म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवलाय, त्यात DSC_8214 दिसतंय. त्याच कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर दिलाय. दोन्ही जोडतोय. मित्र म्हणतो, एवढ्या वस्तू मिळतायत तर सेटच घे. काय करू?
— एक वाचक, चोपडा तालुका

भाऊ,

तुमच्या यादीतला तिसरा कॅमेरा घ्यावा असं माझं मत आहे. पण तुम्ही जोडलेल्या दोन फोटोंच्या भरवशावर नाही. त्या दोन्हींतून शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, कळतच नाही. ते कसं, हे सविस्तर सांगते, कारण जुना कॅमेरा घेणारी निम्मी मंडळी इथंच फसतात. त्याआधी पहिल्या दोघांचा निकाल लावू.

60 पट झूम वाचून कुणालाही मोह होईल. पण त्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा आहे. म्हणजे जेमतेम 28 चौरस मिलिमीटर. डी5600 चा सेन्सर 23.5 बाय 15.6 मिलिमीटरचा, म्हणजे 366 चौरस मिलिमीटरच्या आसपास. तेरा पटींचा फरक आहे. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सरसुद्धा त्या झूमवाल्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा असतो. एवढा लांब झूम एवढ्याशा डब्यात बसतो तो सेन्सर बारका ठेवल्यामुळेच. भर उन्हात याचा त्रास होत नाही. हतनूरच्या पाण्यावर सकाळी नऊच्या उन्हात बसलेलं बदक या कॅमेऱ्यात डी5600 च्या 18-55 पेक्षा कितीतरी मोठं आणि बरं येईल, हे मी मोकळेपणानं मान्य करते. तुमचं पत्र फक्त पक्ष्यांबद्दल असतं तर मी तोच घ्या म्हटलं असतं. पण रात्री मंडपात, हळदीच्या पिवळ्या दिव्यांखाली, पूर्ण झूम केल्यावर लेन्सचं तोंड एफ/6.5 च्या आसपास बारीक झालेलं असताना, त्या सेन्सरवरून येणारा फोटो मातकट आणि रव्यासारखा दाणेदार असतो. तेवढ्यासाठी 28,000 घालवू नका, त्यापेक्षा हातातला फोन बरा.

कॅनन 1500डी चा सेन्सर 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा. निकॉनपेक्षा किंचित लहान, पण फोटोत तो फरक तुम्हाला दिसणार नाही. मेगापिक्सेलही दोन्हींचे 24 च. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायात सेन्सरवरून भांडण नाही. खरा फरक लेन्समध्ये आहे, आणि तो जाहिरातीत लेन्सच्या नावाच्या शेवटी लिहिलेला आहे.

कॅननच्या 18-55 किट लेन्सचे बरेच अवतार आहेत. त्यात '18-55 IS II' अशी एक आहे आणि '18-55 III' अशी एक. आकडा बघून वाटतं की तीन रेघांची नवी आणि म्हणून सरस असणार. प्रत्यक्षात तीन रेघांच्या लेन्समध्ये IS नाही, म्हणजे हात हलला तर तो सावरून घेणारी सोयच नाही. दोन रेघांचीत आहे. भारतात कॅननच्या अधिकृत दुकानात 1500डी घेतला तर त्याच्यासोबत IS असलेली लेन्स येते. तुमच्या जाहिरातीत तीन रेघांची आहे, याचा अर्थ तो माल बहुधा दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बांधलेला, नाहीतर डबे फोडून पुन्हा जुळवलेला आहे. विकणाऱ्याला खोक्याच्या त्या बाजूचा फोटो मागा, जिथं आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असते. ती चिकटपट्टी नसेल तर भारतातली कंपनीची वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका.

आता तुमच्या मित्राच्या तेरा वस्तूंकडे. तुम्ही यादी पाठवली नाहीत, पण असे सेट मी इतके बघितलेत की अंदाजानं सांगू शकते. ट्रायपॉड असेल, पण कॅमेरा लावला की मान टाकणारा. यूव्ही आणि रंगीत फिल्टर असतील. बॅग, पुसायचं फडकं, स्क्रीनवर लावायचा कागद असेल, आणि 16 किंवा 32 जीबीचं बिननावाचं कार्ड. यातली प्रत्येक वस्तू एक नग म्हणून मोजली की तेरा सहज होतात. कधी कधी तर लेन्सचं झाकण आणि ते झाकण बांधायची दोरीसुद्धा वेगवेगळी मोजतात.

सेटमध्ये बऱ्याचदा 'वाइड' आणि 'टेलिफोटो' अशा दोन जादा लेन्स दाखवलेल्या असतात. त्या खऱ्या लेन्स नसतात. किट लेन्सच्या तोंडावर पेचानं बसवायच्या जाड काचा असतात. मधला भाग कसाबसा स्पष्ट येतो आणि कडेला माणसांचे चेहरे ओघळल्यासारखे होतात. शिवाय किट लेन्सचं पुढचं प्लास्टिकचं नळकांडं आत-बाहेर सरकतं, त्याच्या टोकाला ही जड काच लटकवली की ते ढिलं पडतं. कार्डाचं दुखणं याहून वाईट. वर 64 जीबी छापलेलं आणि आत प्रत्यक्षात 8 जीबी, अशी बनावट कार्डं सर्रास फिरतात. लग्नात पहिले काही शे फोटो नीट जातात, पुढचे कार्डावर दिसतात पण उघडत नाहीत. कार्ड कुठूनही घ्या, आधी संगणकावर H2testw नावाच्या मोफत प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. तो कार्डाच्या शेवटपर्यंत लिहितो, परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो.

सुरुवातीला लागतं ते एवढंच: ओळखीच्या कंपनीचं V30 खूण असलेलं एक कार्ड, एक जास्तीची बॅटरी आणि रबराचा हवा मारायचा ब्लोअर. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत ब्लोअर बॅगेपेक्षा जास्त कामाचा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब काचेवर बसतात.

आता डी5600 कडे येऊ.

स्क्रीनच्या फोटोत जे DSC_8214 दिसतं, तो फाइलचा क्रमांक आहे. तो फक्त चार आकडी असतो. 9999 झाला की पुन्हा 0001 पासून सुरू होतो. म्हणजे कॅमेऱ्यानं 8,214 फोटो काढले असतील, 18,213 काढले असतील किंवा 68,208 काढले असतील, तिन्ही वेळा स्क्रीनवर तेच दिसेल. एवढंच नाही, निकॉनच्या मेनूत क्रमांकाची साखळी चालू-बंद करता येते आणि शून्यावरही आणता येते. ती बंद असेल तर कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी पहिल्यापासून. तेव्हा त्या 8214 चा शटर काउंटशी काही संबंध असेलच असं नाही. विकणारा खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणांना खरोखरच हे माहीत नसतं.

दुसरा फोटो मी उघडून बघितला. तो 1600 बाय 1067 पिक्सेलचा आहे. डी5600 चा पूर्ण आकाराचा मूळ फोटो 6000 बाय 4000 चा असतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपनं तो लहान केलाय, आणि लहान करताना फाइलच्या आत कॅमेऱ्यानं लिहिलेली सगळी माहिती पुसून टाकलीय. नेमकी तीच माहिती आपल्याला हवी आहे, कारण निकॉनचे डीएसएलआर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये त्या क्षणापर्यंतचा शटर काउंट गुपचूप लिहून ठेवतात.

विकणाऱ्याला असं सांगा. एका कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून त्या कागदाचा फोटो काढायचा. कॅमेऱ्यातून कार्ड काढून रीडरनं ती जेपीजी फाइल फोनमध्ये किंवा संगणकात घ्यायची. निकॉनच्या ॲपमधून ब्लूटूथनं आलेली प्रत नको, ती बहुतेक वेळा 2 मेगापिक्सेलची छोटी प्रत असते. मग व्हॉट्सअ‍ॅपवर ती फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, किंवा ईमेल करायची. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. सोबत कॅमेऱ्याच्या अंगावर छापलेल्या सिरियल नंबरचा वेगळा फोटो मागा.

फाइल आली की कुणाच्या तरी लॅपटॉपवर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम टाकून ही एक ओळ चालवा:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount -DateTimeOriginal DSC_8215.JPG
```

फाइलचं नाव जे असेल ते घाला. चार ओळी येतील. मॉडेल डी5600 च हवं. सिरियल नंबर त्या वेगळ्या फोटोतल्या नंबराशी जुळायला हवा, नाहीतर फाइल दुसऱ्याच कॅमेऱ्याची आहे. तारीख कागदावरच्या तारखेशी जुळते का बघा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं, म्हणून तेवढ्यावरून संशय घेऊ नका. आणि शटर काउंटच्या ओळीत खरा आकडा. ती ओळच आली नाही तर फाइल मधे कुठल्या तरी ॲपमधून गेलीय, परत मागा. तुम्ही पुढे कधी जुना कॅनन बघितलात तर ही युक्ती चालणार नाही. त्यांचे साधे डीएसएलआर हा आकडा फाइलमध्ये लिहीत नाहीत, कॅमेरा केबलनं संगणकाला जोडून वाचावा लागतो.

आकडा आल्यावर काय समजायचं? या वर्गातल्या कॅमेऱ्यांच्या शटरचं आयुष्य ढोबळमानानं 1,00,000 वेळा धरतात. ती काही एक्सपायरीची तारीख नव्हे. काही शटर त्याआधी जातात, काही दीड लाखाला खुशाल चालतात. घरगुती वापराचा कॅमेरा पाच वर्षांत 20-25 हजारांवर क्वचित जातो. उलट लग्नाचा फोटोग्राफर एका लग्नात सहज 2,000 ते 2,500 वेळा बटण दाबतो, म्हणजे दोन लगीनसराईत लाख गाठतो. आकडा 30,000 च्या आत असेल तर मी 26,000 ला घासाघीस करून घेईन. तो 48,214 आला, तरी कॅमेरा टाकाऊ नाही, अर्धं आयुष्य शिल्लक आहे. पण मग 'फक्त 8 हजार' या शब्दावर ठरलेली किंमत राहत नाही, आणि विकणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही त्याच नजरेनं बघायचं. 80,000 च्या पुढे असेल तर सोडून द्या, जळगाव-धुळे-नाशिकच्या पट्ट्यात दुसरा मिळेल.

आणि आता जे सहसा कुणी सांगत नाही ते. शटर काउंट कमी असणं म्हणजे कॅमेरा कमी वापरलेला असणं नव्हे. व्हिडिओ चालू असताना शटर उघडं राहतं. तासभर शूटिंग केलं तरी मोजणीत जवळजवळ काही भर पडत नाही. डी5600 ला बाजूला उघडणारी स्क्रीन आहे, त्यामुळे मंडपात व्हिडिओ काढणाऱ्यांनी आणि यूट्यूबवाल्यांनी तो भरपूर वापरलाय. अशा कॅमेऱ्याचा काउंट खरोखर 8 हजार असेल, आणि सेन्सर मात्र दोन-तीन हजार तास तापलेला.

तो ओळखायला हातात घ्यावा लागतो, म्हणून पैसे आधी पाठवू नका. चोपड्याहून जळगाव काही लांब नाही. टोकन म्हणूनही यूपीआय नको, आणि 'पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही. दिवसा, उजेडात, शक्यतो एखाद्या फोटो स्टुडिओत भेटा.

कॅमेरा आधी उलटा करा. बुडाशी ट्रायपॉडचा पेच जातो त्या भोकाभोवती गोल घासलेली खूण आणि आत चकाकणारं पितळ दिसलं, तर कॅमेरा तासन्‌तास ट्रायपॉडवर उभा होता. स्क्रीनची बिजागरी उघडा, ती कुठंही थांबवली तरी तिथंच राहायला हवी; लुळी पडत असेल किंवा फिरवताना चित्र लुकलुकत असेल तर ती रोज उघड-मीट झालेली आहे. वरती फ्लॅश सरकवायच्या पट्टीचा काळा रंग जाऊन धातू उघडा पडला असेल तर लग्नाचं काम झालंय. मागच्या बाजूला अंगठ्याखालचं रबर चिकट किंवा फुगलेलं आहे का ते बघा. या चार खुणा आणि शटर काउंट एकमेकांशी जुळतात का, एवढाच प्रश्न आहे. 9 हजार काउंट आणि पितळ उघडं पडलेलं बूड, हे जुळत नाही.

मग लेन्सचं झाकण लावा, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, 100 वर ठेवा आणि 30 सेकंदांचा एक फोटो काढा. पूर्ण काळा यायला हवा. मोठा करून बघितल्यावर दोन-चार रंगीत ठिपके दिसले तर चालेल, पण चांदण्या पसरल्यासारखे दिसले तर सेन्सर थकलाय. त्यानंतर मोकळ्या आकाशाचा फोटो एफ/22 वर काढा. त्यात राखाडी पुसट डाग दिसतील, ती सेन्सरवरची धूळ आहे. आपल्याकडे ती असणारच, साफ करून मिळते, फक्त त्यावरून शे-पाचशे कमी करून घ्या. शेवटी लेन्स काढून फोनच्या टॉर्चनं आरपार बघा. धुळीचे कण सोडून द्या. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती पसरते, आणि किट लेन्स साफ करायचा खर्च दुसरी जुनी किट लेन्स घेण्याएवढाच होतो. बॉडी चांगली असेल तर लेन्सशिवाय भाव विचारा.

समजा सगळं जुळलं आणि 25,000 ला सौदा झाला. हातात 15,000 उरतात, आणि तुमच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो खरं तर या पैशांवर ठरणार आहेत. 18-55 ही दिवसा उत्तम लेन्स आहे. सारंगखेड्याला घोडे, त्यांचा साज, दुपारची गर्दी, सगळं ती व्यवस्थित टिपेल. पण संध्याकाळनंतर 35 वर झूम केलं की ती एफ/4.8 च्या आसपासच उघडते. 35 मिलिमीटर एफ/1.8 ही एकाच टप्प्याची, झूम नसलेली लेन्स त्याच जागी सहा-सातपट प्रकाश आत घेते. म्हणजे हळदीला नाचणारी माणसं गोठवायला किट लेन्सवर आयएसओ 6400 लागत असेल तिथं या लेन्सवर 1000 च्या आसपास भागतं. किट लेन्समधली हात सावरणारी सोय इथं कामाला येत नाही. ती तुमचा हात सावरते, नाचणारी मामी नाही. 50 ची एफ/1.8 स्वस्तात मिळते, पण घराच्या खोलीत तिच्यात दोन माणसंही मावत नाहीत, मागे भिंत लागते. तुम्हाला 35 हवी.

घेताना नावात AF-S आहे ना बघा. निकॉनच्या जुन्या, नावात AF एवढंच असलेल्या 'डी' लेन्स दिसायला तशाच आणि स्वस्त असतात, पण त्यांचा फोकस फिरवायची मोटर कॅमेऱ्याच्या अंगात लागते. डी5600 च्या अंगात ती नाही. लेन्स बसेल, फोटोही निघेल, फक्त फोकस दरवेळी हातानं करावा लागेल. जुनी 35 मिळाली तर उरलेल्या पैशांत कार्ड, बॅटरी आणि ब्लोअर बसायला हरकत नाही.

पक्षी यंदा राहिले. 18-55 नं हतनूरचं पाणी येईल, पक्षी ठिपक्याएवढा येईल. पुढच्या केळीच्या पैशांतून जुनी AF-P 70-300 बघा, ती या कॅमेऱ्यावर पूर्ण चालते. फक्त तिच्या नावात VR, म्हणजे कॅननच्या IS सारखी हात सावरणारी सोय, आहे का ते वाचा. त्याच नावाची, तशीच दिसणारी, VR नसलेली लेन्सही बाजारात आहे आणि विकणारे ते आपणहून सांगत नाहीत.